हिशेबाची वही : तीन कोटेशने, एक तक्ता

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. राळेगावातल्या आपल्या एका वस्तीच्या विहारात अभ्यासिका चालते. दहावीची, पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची मुले-मुली संध्याकाळी सात ते दहा तिथे बसतात. नेमकी त्याच वेळी लाईन जाते. म्हणून समितीने ठरवले, विहारावर सोलर बसवायचे. वर्गणी सुरू झाली. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनी मजुरीतून शंभर-शंभर रुपये दिले, नोकरदारांनी हजार-दोन हजार दिले. अडीच-तीन लाखांची तजवीज झाली आणि तीन एजन्सींना बोलावले. त्यांना आपण अ, ब आणि क म्हणू.

'अ'चा माणूस लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आला. विहाराच्या भिंतीवर त्याने वीस स्लाईड दाखवल्या. शेवटच्या स्लाईडवर हातभर अक्षरात आकडा होता, "फक्त ८७,०००". 'ब'ने मोबाईलवर पीडीएफ पाठवली. तिच्यात शेवटी २,७२,००० होते. 'क'ने रंगीत छापील पुस्तिका दिली, त्यात २,०५,००० होते. तिघांचेही तीन किलोवॅट. समितीतले बहुतेक जण म्हणाले, आता विचार कसला करता, सत्त्याऐंशी हजारवाल्याला द्या.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका उपासिकेने विचारले, "भाऊ, लाईन गेल्यावर पोरायले उजेड भेटन काय?"

तो माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "नाही ताई, ही ऑन-ग्रिड सिस्टीम आहे. लाईन गेली की हीसुद्धा बंद पडते."

सभा गप्प झाली. ज्या कामासाठी वर्गणी काढली तेच काम त्या सत्त्याऐंशी हजारांत नव्हते. त्या रात्री निर्णय झाला नाही. तिन्ही कागद माझ्याकडे आले, कारण कचेरीत तुलनात्मक तक्ता करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. तो तक्ता कसा केला, ते आज सांगतो. मंडळाचा मंडप असो, लग्नाचा कॅटरर असो की घराचा स्लॅब, रीत हीच आहे.

पहिली गोष्ट अशी की तक्त्याचा पहिला खाना कोणत्याही एजन्सीचा नसतो. तो आपला असतो. तिथे आपली गरज लिहायची आणि तीसुद्धा आकड्यात. अभ्यासिकेत वीस वॅटच्या दहा ट्यूब आणि सत्तर वॅटचे आठ पंखे आहेत. म्हणजे २०० अधिक ५६०, एकूण ७६० वॅट. तीन तास चालवायचे तर सुमारे २.३ युनिट वीज लागते, आणि ती लाईन नसताना लागते. ही ओळ लिहिल्याबरोबर अर्धा गोंधळ मिटला. ऑन-ग्रिड सोलर लाईन गेल्यावर बंद पडते, ती काही खराबी नव्हे. खांबावर लाईनमन काम करत असताना आपल्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. दिवसा वीजबिल कमी करायला ती उत्तम आहे. रात्री अंधारात वाचायला बॅटरी आणि तिला चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

दुसरी गोष्ट किमतीची. तीन कागदांवरचे तीन आकडे तीन वेगळ्या भाषा बोलत होते, त्यांना एका भाषेत आणावे लागले. 'अ'चे ८७,००० म्हणजे मूळ १,६५,००० मधून ७८,००० अनुदान वजा केलेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे हे खरे, पण ते राहत्या घरासाठी आहे. विहार हे कोणाचे राहते घर नव्हे. स्लाईड घरवाल्यांसाठी बनवलेली होती, तीच त्याने विहारात लावली. म्हणून अनुदान काढून टाकले आणि १,६५,००० धरले. त्यावर "कर वेगळा" असे बारीक अक्षरात होतेच.

'क'च्या पुस्तिकेतही कर वेगळाच होता, आणि तो १३.८ टक्के लिहिला होता. हा जुना दर. सोलर प्रकल्पाच्या कामात ७० टक्के रक्कम मालाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवरचा १८ तसाच राहिला. दोन्हींचा मेळ घातला तर एकूण कर ८.९ टक्के येतो. कोटेशनची तारीख त्यानंतरची असून दर आधीचा होता. २,०५,००० वर हा फरक दहा हजारांचा होतो. मी फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, पुस्तिका जुनी छापलेली आहे, बिल नव्या दरानेच करू. तसे लेखी मागून घेतले. 'ब'च्या आकड्यात कर धरलेला होता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे वगळलेली कामे. ती कधीच मोठ्या अक्षरात नसतात. "ग्राहकाच्या जबाबदारीत", "प्रत्यक्षानुसार", "लागू असल्यास" असे शब्द दिसले की तिथे बोट ठेवावे. 'अ'ने अर्थिंग, वीजरोधक आणि नेट मीटरचा खर्च आपल्या माथी ठेवला होता. 'क'ने हे सगळे आणि शिवाय छतावरचे सिमेंटचे ओटे वगळले होते. 'ब'ने ओटे आणि वाहतूक वगळली होती. उरलेल्या ठिकाणी काहीच लिहिलेले नव्हते. इथे बहुतेक समित्या फसतात, कारण रिकामा खाना म्हणजे शून्य असे त्या धरतात. रिकामा खाना म्हणजे शून्य नव्हे, तर न विचारलेला प्रश्न. मी बारा कामांची एक यादी केली आणि तिघांनाही तीच यादी पाठवली. प्रत्येक कामापुढे "समाविष्ट आहे" किंवा "नाही, करासह इतके रुपये लागतील" एवढेच लिहून सहीनिशी परत द्या म्हटले. प्रश्न सर्वांना सारखेच विचारावेत, नाहीतर ज्याला जास्त विचारले तोच महाग दिसतो.

बॅटरीच्या ओळीत आणखी एक गाठ होती. 'क'च्या पुस्तिकेत "बॅटरीसह" असे होते, पण बॅटऱ्या दोनच. बारा व्होल्ट दीडशे अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावते. दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट. पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून हाती येतात १.८. आपल्याला हवेत २.३. म्हणजे नऊ-सव्वानऊच्या सुमारास अभ्यासिका पुन्हा अंधारात. चार बॅटऱ्यांतून निम्मे म्हणजे ३.६ येतात, इन्व्हर्टरची तूट जाऊनही काम भागते. म्हणून 'क'ला आणखी दोन बॅटऱ्यांचा भाव मागितला आणि 'अ'ला हायब्रिड इन्व्हर्टरसह चार बॅटऱ्यांचा.

तिघांची लेखी उत्तरे आल्यावर तक्ता असा झाला.

| बाब (रुपये) | अ | ब | क |
|---|---|---|---|
| अनुदान न धरता मूळ आकडा | १,६५,००० | २,७२,००० | २,०५,००० |
| जीएसटी धरून | १,७९,६८५ | २,७२,००० | २,२३,२४५ |
| वगळलेली कामे | २७,००० | १०,००० | ३३,००० |
| रात्रीची गरज भागवण्यासाठी | ८०,००० | ० | ३२,००० |
| एकूण | २,८६,६८५ | २,८२,००० | २,८८,२४५ |

भिंतीवर जो एक लाख पंच्याऐंशी हजारांचा फरक दिसत होता, तो सव्वासहा हजारांवर आला. सर्वांत महाग वाटणारा 'ब' सर्वांत स्वस्त निघाला. कोणी लुच्चा होता असे मी म्हणत नाही. प्रत्येकाने वेगळीच वस्तू विकायला आणली होती, आणि आपण तिन्हींना एकच समजत होतो.

फरक एवढा थोडा उरला की किमतीवर भांडण्यात अर्थ नसतो. मग पुढचे दोन खाने पाहावेत. एक हमीचा. तिघांच्याही कागदावर "२५ वर्षे वॉरंटी" होते. ती पॅनेल किती वीज देईल याची हमी असते. इन्व्हर्टरची आणि बॅटरीची हमी वेगळी आणि कितीतरी कमी वर्षांची असते, म्हणून तिन्हींच्या ओळी वेगळ्या मांडाव्यात. बिघडलेला भाग काढणे, कंपनीला पाठवणे आणि पुन्हा बसवणे याचा खर्च कोण देणार, हेही तिथेच लिहून घ्यावे. दुसरा खाना पैसे कधी द्यायचे याचा. 'अ' माल येण्याआधीच नव्वद टक्के मागत होता. 'ब' ऑर्डरसोबत चाळीस, काम उभे राहिल्यावर पन्नास आणि महिनाभर चालवून पाहिल्यावर उरलेले दहा टक्के घ्यायला तयार होता.

तक्ता जे सांगू शकत नाही तेही ओळखावे. ओटा मजबूत आहे की नाही, माणूस वेळेवर येतो की नाही, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी समितीतले दोघे 'ब'ने दोन वर्षांपूर्वी केलेले एक काम यवतमाळला जाऊन पाहून आले. गंज चढला का, बिघाड झाला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला, हे त्यांनी तिथल्या लोकांनाच विचारले. मग ऑर्डर दिली. ऑर्डरमध्ये तक्त्यातली बारा कामे जशीच्या तशी उतरवली आणि खाली एक अट घातली. संध्याकाळी सात वाजता मेन स्विच पाडायचा, सर्व ट्यूब आणि पंखे चालू ठेवायचे, आणि दहा वाजेपर्यंत ते चालले तरच काम पूर्ण धरायचे.

काम उभे राहिल्यावर एका संध्याकाळी तसेच केले. मुले आपापली पुस्तके घेऊन बसली होती. दहा वाजून पाच मिनिटांनी स्विच वर केला, तेव्हा त्यातल्या अर्ध्यांना तो पाडला होता हेही ठाऊक नव्हते. तिन्ही कोटेशने, सहीची उत्तरे आणि तक्ता विहाराच्या फळ्यावर महिनाभर लावून ठेवले. ज्या बाईने शंभर रुपये दिले तिचाही त्या कागदावर हक्क आहे. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने गोळा केलेला रुपया कुठे गेला, हे फळ्यावर दिसलेच पाहिजे.

जयभीम.