विश्लेषण : दसऱ्याची जाहिरात लातूरच्या गावात उशिरा का पोहोचावी लागते?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पुण्या-मुंबईतील शोरूमसाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. त्याच दिवसांत मराठवाड्यात मात्र अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली गेले होते. गाडी तीच आणि करकपातही तीच. तरीही शहर आणि गाव ही दोन वेगळी गिऱ्हाइके का ठरतात, हे दुचाकीच्या उदाहरणातून समजून घेऊ.

खरेदीचा दिवस कोण ठरवतो?

शहरातील नोकरदाराकडे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार येतो. दिवाळीआधी बोनस मिळाला, तर डाउन पेमेंटची सोय होते. त्यामुळे ‘दसऱ्याला बुक करा’ ही जाहिरात त्याला लागू पडते. सण आणि पैसा जवळजवळ एकाच वेळी येतात.

सोयाबीन पट्ट्यात तसे होत नाही. जूनच्या पावसावर पेरलेले सोयाबीन साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये काढणीला येते. सण मात्र पंचांगावर चालतो. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तो २० ऑक्टोबरला आहे. पिकाला अधिक महिना कळत नाही. दसरा लवकर आला तर सोयाबीन शेतात असते आणि हातात पैसा नसतो. उशिरा आला तर निदान काही माल बाजार समितीत पोहोचलेला असतो. दरवर्षी एकाच सूत्राने ‘दसरा ऑफर’ लावणाऱ्या कंपनीला हा फरक दिसत नाही.

हिशेब कसा बदलतो?

पाच एकर सोयाबीन असलेल्या एका शेतकऱ्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. एकरी सहा क्विंटल धरले तर ३० क्विंटल माल होतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात अनेक ठिकाणी दर त्याच्या खाली होते. व्यापाऱ्याने ४,२०० रुपये दिले असे मानू. हमीभावाने १,४६,७६० रुपये झाले असते, व्यापाऱ्याकडून १,२६,००० मिळाले. फरक २०,७६० रुपयांचा. साध्या १०० सीसी मोटारसायकलचे डाउन पेमेंट साधारण एवढ्याच घरात असते.

मग हमीभाव केंद्रावर माल का नेला नाही? तिथे सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. २०२४ मध्ये ही मर्यादा पुढे १५ टक्के करावी लागली, कारण पावसात भिजलेला माल नाकारला जात होता. शिवाय नोंदणी, नंबर लागणे आणि खात्यात पैसे येणे, यात दिवस जातात. व्यापारी पैसे लगेच देतो. ज्याला कृषी सेवा केंद्राची उधारी फेडून रब्बीचे बियाणे घ्यायचे आहे, तो थांबत नाही. उधारी, बियाणे आणि घरखर्च भागल्यावर जे उरते, त्यातून गाडीचा विचार होतो. म्हणून गावातली ‘दसऱ्याची’ गाडी अनेकदा दिवाळीनंतर किंवा लग्नसराईत घेतली जाते.

‘ग्रामीण’ हाही एक बाजार नाही. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे, प्रत्यक्षात ते अनेकदा लांबते. त्यामुळे उसाच्या गावात पैसा थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फिरतो. तिथे दसऱ्यापेक्षा गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया जास्त कामाचे ठरतात.

जाहिरात कुठे दिसते?

शहरी ग्राहक गाडीचा विचार करू लागला की आधी मोबाइलवर शोधतो, दोन मॉडेलची तुलना करणारे व्हिडीओ पाहतो, ऑन-रोड किंमत काढतो. गावातही स्मार्टफोन आहे आणि व्हिडीओही पाहिले जातात. मात्र टीव्हीचा मार्ग वेगळा आहे. ज्या घरांत महिन्याचे केबल किंवा डीटीएचचे पैसे द्यायचे नसतात, तिथे दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ असते. डिश आणि बॉक्स एकदा घेतला की मासिक शुल्क लागत नाही.

या छत्रीची ताकद २०१९ मध्ये दिसली. मोठ्या प्रसारण कंपन्यांनी त्यांच्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. तिथेच राहिलेली ‘दंगल’ ही वाहिनी प्रेक्षकसंख्येत थेट वर गेली. पुढच्या वर्षी मोठ्या कंपन्या परतल्या. प्राइम टाइमच्या महागड्या मालिकेत जाहिरात दिली म्हणजे ती सगळ्या महाराष्ट्रात पोहोचली, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरते.

विश्वास कोणावर?

शहरात गाडी बिघडली तर सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर असते. म्हणून तिथला ग्राहक रेटिंग, रिव्ह्यू आणि फीचर पाहून निर्णय घेऊ शकतो. गावात गाडी बंद पडली तर दूधही डेअरीवर जात नाही. त्यामुळे पहिला प्रश्न ‘मायलेज किती’ आणि दुसरा ‘पार्ट कुठे मिळतो’ हा असतो. याचे उत्तर जाहिरातीतला अभिनेता देत नाही. ते चौकातला मेकॅनिक देतो आणि तीन वर्षे तीच गाडी चालवणारा भावकीतला माणूस देतो. जुनी गाडी विकायला काढली तर गावात गिऱ्हाईक मिळेल का, हेही पाहिले जाते. नवे मॉडेल गावात उशिरा रुळते ते यामुळे. गावकरी नव्याला घाबरतो असे नाही, चुकीची किंमत त्याला जास्त मोजावी लागते.

म्हणूनच आठवडी बाजारात गाडी उभी करून चालवायला देणे किंवा गावोगावच्या मेकॅनिकना प्रशिक्षण देणे हा खर्च होर्डिंगपेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतो.

चूक झाली हे कसे ओळखायचे?

सणाच्या आठवड्यात शोरूममध्ये चौकशी भरपूर, पण गाड्या बाहेर पडत नाहीत, हे पहिले लक्षण. याचा अर्थ जाहिरात पोहोचली, पैसा पोहोचला नाही. दुसरे लक्षण म्हणजे कर्जाचे अर्ज नामंजूर होणे. शेतीच्या उत्पन्नाला पगारपत्रक नसते आणि दरमहा हप्ता भरणे पिकाच्या चक्राशी जुळत नाही. अशा ठिकाणी सवलत वाढवण्यापेक्षा हंगामाप्रमाणे हप्ता ठेवणे जास्त परिणामकारक असते.

कंपन्यांचे मासिक विक्रीचे आकडे बहुधा डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. प्रत्यक्ष खरेदी पाहायची तर ‘वाहन’ पोर्टलवरील आरटीओनिहाय नोंदणी तपासावी लागते. लातूर आणि पुण्याचे महिने शेजारी ठेवले की दोन बाजारांची चाल वेगळी दिसू शकते. या आकड्यांना मर्यादाही आहे: लातूर आरटीओतली नोंदणी शहरातल्या शिक्षकाची की औशाजवळच्या शेतकऱ्याची, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी डीलरच्या वहीतला गावाचा रकाना आणि त्या आठवड्यातली बाजार समितीची आवक, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.