‘हाय रिस्क’ म्हणजे निदान नव्हे

डबल मार्करचा रिपोर्ट आला की घरात आधी वाचली जाते ती लाल अक्षरांतली ओळ. गेल्या काही वर्षांत त्या ओळीने घाबरलेली कितीतरी जोडपी माझ्यासमोर बसली आहेत. नमुन्यादाखल एक घेऊ. बाई २९ वर्षांची, पहिलटकरीण, बारा आठवडे चार दिवस. डाउन सिंड्रोमची जोखीम १:१८०. लॅबने ठरवलेली मर्यादा १:२५०, म्हणून शेरा ‘हाय रिस्क’. लॅबमधून फोनवर सांगितलं गेलं, “रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय.” हे वाक्य फोनवर कुणालाही सांगू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी सुरुवात रिपोर्टपासून करत नाही, लॅबला गेलेल्या फॉर्मपासून करते. जन्मतारीख बरोबर आहे का, वजन त्या दिवशी केलेलं आहे की अंदाजे लिहिलेलं, मधुमेह, आयव्हीएफ, जुळं यांची नोंद आहे का. रक्तातल्या दोन घटकांचं प्रमाण या माहितीवरून दुरुस्त केलं जातं. माहिती चुकली की जोखमीचा आकडा हलतो. मग एनटीचा फोटो. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान हवी, बाळ बरोबर बाजूने दिसायला हवं, मान ना मागे झुकलेली ना छातीवर टेकलेली. मानेमागच्या पाण्याचा हा थर एक-दोन मिलिमीटरचा असतो, त्यामुळे मान मागे झुकलेली असताना मोजलं तरी तो उगाच जाड भरतो. आपल्या या बाईंचा एनटी १.९ होता, मोजमाप चोख. फॉर्मही बिनचूक. म्हणजे आकडा खरा.

मग त्याचा अर्थ. मी सांगते, “तुमच्यासारखे रिपोर्ट आलेल्या १८० जणी घेतल्या, तर एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, १७९ जणींच्या बाळांना नसेल.” दोन्ही आकडे एका दमात सांगायचे. नुसतं ‘धोका जास्त’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘बाळात दोष आहे’ असंच ऐकू येतं.

पुढचा प्रश्न ठरलेला: “मग एनआयपीटी करूया का? ती ९९ टक्के बरोबर असते ना?” इथे घाई करू नये. आईच्या रक्तात डीएनएचे बारीक तुकडे तरंगत असतात. त्यातला गर्भाचा म्हणून जो भाग मोजतात, तो मुख्यतः वारेतून आलेला असतो. वार आणि बाळ बहुतेक वेळा सारखीच असतात, पण नेहमी नाही. शिवाय ९९ टक्के हा आकडा सांगतो तो एवढाच, की डाउन असलेल्या शंभर बाळांपैकी ही चाचणी ९९ पकडते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती खरी, हे वेगळं गणित आहे.

ते मी कागदावर मांडते. १:१८० जोखमीच्या १८,००० जणी घ्या. १०० बाळांना डाउन, त्यांतली ९९ सापडतील. उरलेल्या १७,९०० मध्ये हजारी एक चूक धरली तर १८ जणींचा रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येईल. म्हणजे ११७ पॉझिटिव्हमध्ये ९९ खरे, सुमारे ८५ टक्के. आता मूळ जोखीम हजारात एक असलेल्या एक लाख तरुण मुली घ्या. खरे ९९ आणि खोटे जवळपास १००. चाचणी तीच, लॅब तीच, पण पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्या बाळांना काहीच झालेलं नाही. आणि या बाईंची एनआयपीटी निगेटिव्ह आली तर जोखीम १८,००० मध्ये एकाच्या आसपास उतरते. शून्य होत नाही, पण पुष्कळजणी तिथे थांबतात, आणि ते योग्य आहे.

एका परिस्थितीत मात्र मी एनआयपीटीवर थांबत नाही. एनटी ३.५ किंवा त्याहून जास्त असेल तर ही चाचणी न पकडणारे गुणसूत्रांचे दोष आणि हृदयाचे दोष दोन्ही संभवतात. तिथे थेट वारेचा नमुना किंवा ॲम्नियो, सोबत मायक्रोअरे, आणि पुढे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी.

ॲम्नियोची भीती प्रत्येकीला असते. सरावलेल्या हातांनी केली तर तिच्यामुळे गर्भ जाण्याचा धोका दोनशेत एकापेक्षा कमी असतो, हे स्पष्ट सांगावं. ती करायची की नाही, हे तिनं ठरवावं. त्याआधी डाउन सिंड्रोम म्हणजे काय हेही सांगायला हवं: शिकण्यातला मंदपणा, जवळपास निम्म्या बाळांमध्ये हृदयदोष, पण शाळेत जाणारी, घरात रमणारी मुलंही. काहीजणींना पुढे काहीच तपासायचं नसतं. त्यांचा तो निर्णय मान्य करून नऊ महिने नीट सांभाळावं.

ॲम्नियो पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. प्राथमिक निकाल दोन-चार दिवसांत येतो, सविस्तर निकालाला दोन-तीन आठवडे लागतात. कायद्याची वीस आठवड्यांची पहिली मर्यादा लक्षात घेतली तरी त्यासाठी वेळ पुरतो. म्हणून माझी विनंती आहे: एनआयपीटी पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून गर्भपाताची तारीख घेऊ नका. आधी ॲम्नियोचा रिपोर्ट हातात येऊ द्या.