दुकानातल्या रॅकचा फोटो काय सांगतो, काय लपवतो?

ताडकळसच्या बाजारपेठेतल्या एखाद्या किराणा दुकानात उभे राहा. कंपनीचा सेल्समन येतो, ऑर्डर घेण्याआधी मोबाइल काढतो आणि रॅकचा फोटो घेतो. दुकानदाराला वाटते, हजेरीसाठी असेल. अनेक कंपन्या हा फोटो आता संगणकाकडून वाचून घेतात. कुठे माल संपला, कुठला पुडा चुकीच्या जागी आहे, दरपट्टी बरोबर आहे का, याचा निकाल काही सेकंदांत लागतो. रॅकवरच्या मांडणीसाठी दुकानदाराला पैसे ठरलेले असतील, तर या निकालावर ते मिळणार की कापले जाणार हेही ठरू शकते. म्हणून हे यंत्र नेमके काय पाहते, हे पूर्णा तालुक्यातल्या दुकानदारालाही माहीत असायला हवे.

आधी वस्तू, मग नाव

संगणक फोटो पाहून थेट ‘हा अमुक शॅम्पू’ असे म्हणत नाही. पहिल्या फेरीत तो फक्त ‘इथे एक वस्तू आहे’ एवढेच ठरवून प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखतो. वाटते तितके हे सोपे नाही, कारण रॅकवर माल एकाला एक चिकटून असतो. या कामासाठी 2019 मध्ये संशोधकांनी ‘एसकेयू-110के’ नावाचा फोटोसंग्रह खुला केला. त्यात 11,762 फोटो आहेत आणि एकेका फोटोत सरासरी 147 वस्तू. या संग्रहात कुठल्याही वस्तूला नाव दिलेले नाही, सगळ्यांना एकच शिक्का आहे: वस्तू.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक चौकटीतला तुकडा कापून कंपनीकडच्या नमुना फोटोंशी ताडला जातो आणि मग नाव मिळते. सणासाठी वेष्टन बदलले आणि नमुना अद्ययावत केला नाही, तर समोर ठेवलेला माल ‘अनोळखी’ ठरतो. एकाच शॅम्पूच्या लहान-मोठ्या बाटल्यांचे चित्र सारखेच असते. तिथे फरक फक्त आकाराचा, आणि तो शेजारच्या वस्तूंशी तुलना करूनच कळतो.

रिकामी जागा म्हणजे वजाबाकी

समजा, फळी 120 सेंटिमीटर लांब आहे आणि तिच्यावर 6 सेंटिमीटर रुंदीच्या शॅम्पूच्या बाटल्या आहेत. फोटोत दोन चौकटींच्या मध्ये 12 सेंटिमीटरच्या आसपास जागा उरली, तर संगणक म्हणतो, दोन बाटल्या कमी. मात्र त्याआधी फोटो सरळ करावा लागतो. तिरक्या फोटोत लांबच्या टोकाकडच्या बाटल्या बारीक दिसतात आणि तिथली खरी फटही लहान भासते. त्यासाठी फळीच्या कडा धरून चित्र ताणून चौकोनी केले जाते.

खरी अडचण खोलीची आहे. फोटो फक्त पहिली रांग दाखवतो. पुढची बाटली विकली गेली आणि मागच्या चार बाटल्या अंधारात उभ्या असल्या, तर जागा रिकामी दिसते, पण माल संपलेला नसतो. नीट पाहिले तर खूण सापडते. मागे सरकलेली बाटली थोडी लहान दिसते. फोटो वरच्या कोनातून घेतलेला असेल, तर तिचा तळ फळीच्या कडेला न टेकता वर उचललेला दिसतो. चांगली प्रणाली याला ‘रिकामे’ न म्हणता ‘पुढे ओढा’ म्हणते. उलट प्रकारही होतो. पुढे एकच बाटली आणि मागे काहीच नाही, तरी फोटोत रांग भरलेली दिसते. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक फोटो एकटा सांगू शकत नाही. त्याला विक्रीची नोंद जोडावी लागते.

चुकीची जागा कोणाच्या हिशेबाने?

शहरातल्या सुपरमार्केटमध्ये कुठल्या फळीवर काय ठेवायचे याचा आराखडा असतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. साबणाच्या रांगेत बिस्किटाचा पुडा आढळला, तर आराखड्याशी ताडून चूक पकडता येते. किराणा दुकानात असा कागद नसतो. मग प्रणाली बहुमत धरते: सहा सारख्या पुड्यांच्या मध्ये एक वेगळा, म्हणजे तो चुकीचा. पण दुकानदार जास्त खपणारा पुडा मुद्दाम हाताशी ठेवतो, गिऱ्हाईक मागते त्या जोड्या शेजारी लावतो. त्याची मांडणी त्याच्या डोक्यात असते. तिला बाहेरच्या आराखड्याने चूक ठरवून मांडणीचे पैसे कापणे मला पटत नाही.

दरपट्टी: सगळ्यात नाजूक भाग

फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. मोबाइलचा 12 मेगापिक्सेल फोटो साधारण 4000 पिक्सेल रुंद असतो. त्यात 120 सेंटिमीटरची फळी बसवली, तर एका मिलिमीटरला साधारण 3.3 पिक्सेल मिळतात. दरपट्टीवरचा 6 मिलिमीटर उंचीचा आकडा मग 20 पिक्सेल उंच येतो आणि संगणकाला तो वाचता येतो. हाच फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर तो आकसून साधारण 1600 पिक्सेलचा होतो. तोच आकडा आता 8 पिक्सेलवर आला. इथे 8 चा 3 होतो, 6 चा 8 होतो. म्हणून दर तपासायचा असेल, तर मूळ फोटो पाठवावा किंवा अर्ध्या फळीचा फोटो जवळून घ्यावा.

आकडा वाचला तरी तो कुठल्या वस्तूचा, हा प्रश्न राहतोच. बहुधा कडेवरची पट्टी तिच्या वरच्या वस्तूची असते, पण टांगलेल्या पुड्यांची पट्टी त्यांच्याही वर असते. बाटल्या चार बोटे सरकल्या, तर बरोबर छापलेली पट्टी शेजारच्या मालाची ठरते.

आता जीएसटीचे उदाहरण घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून शॅम्पूवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. एमआरपी 100 रुपये असलेल्या बाटलीत करापूर्वीची किंमत 84.75 रुपये होती. त्यावर 5 टक्के कर लावला की 88.98, म्हणजे 89 रुपये. कराचा पूर्ण लाभ दिला, तर पट्टीवर 89 हवेत. जुन्या मालावर सुधारित दराचे स्टिकर लावायला सरकारने मुभा दिली, मात्र आधीचा छापील दर झाकला जाऊ नये असे सांगितले. परिणामी एकाच बाटलीवर दोन दर असू शकतात, आणि एकाच रांगेत 100 छापलेली जुनी बाटली व 89 छापलेली नवी बाटली शेजारी उभ्या राहू शकतात.

फोटोला यातले फारसे दिसत नाही, कारण एमआरपी बहुतेकदा बाटलीच्या मागे किंवा तळाशी छापलेली असते. तो फक्त पट्टीवरचा 100 वाचतो आणि यादीतल्या 89 शी जुळत नाही एवढेच सांगतो. पट्टी जुनी आहे, शेजारच्या मालाची आहे की आकडाच चुकीचा वाचला गेला, हे बाटली हातात घेतल्यावरच कळते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, मग पट्टी काहीही म्हणो. तसे झाले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

दुकानदाराने मात्र सेल्समनकडे एक गोष्ट मागावी. पैसे कापले असतील, तर चुका खुणा करून दाखवलेला तोच फोटो पाहायला मागा. कुठल्या चौकटीला ‘रिकामे’ म्हटले आहे ते दिसले, की तिथे हात घालून मागची बाटली पुढे ओढून दाखवता येते. फोटो पुन्हा घ्यायला एक मिनिट पुरते.