विष्णूकाकांचे हजार रुपये कुणी खाल्ले?

गणिताच्या पुस्तकातली माणसं भलती सद्गुणी असतात. त्यांच्यात कुणी आळशी नाही, कुणी चहाटळ नाही. कर्ज काढलंच तर तेही सरळव्याजानं. पहाटे उठतात, आन्हिक आटोपतात आणि एका टाकीला दोन नळ लावून बसतात, एक भरायला आणि दुसरा रिकामी करायला. या मंडळींशी माझा तीस वर्षांचा घरोबा आहे. कारण मी गणिताची बाई.

मध्यंतरी एका प्रकाशनानं मला बोलावलं. शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शकाची नवी आवृत्ती काढायची होती, कागद महागला होता, शाब्दिक उदाहरणं ‘आटोपशीर’ करायची होती. संपादक म्हणाले, ‘‘बाई, आशय तोच, शब्द निम्मे.’’ मी विचारलं, आशय म्हणजे काय? ते हसले. ज्यांना माहीत नसतं ते याच प्रश्नाला हसतात.

पहिलं उदाहरण जसंच्या तसं देते. दमानं वाचा, मी थांबते.

‘कोकणातील एका निसर्गरम्य गावात विष्णूकाका नावाचे कष्टाळू व प्रामाणिक बागायतदार राहत असत. त्यांची वडिलोपार्जित हापूस आंब्यांची बाग होती. यंदा देवकृपेने व खताच्या योग्य वापराने पीक उत्तम आले. एके दिवशी भल्या पहाटे उठून, आन्हिक आटोपून त्यांनी आंब्यांच्या 20 पेट्या टेम्पोत भरल्या व ते शहराच्या बाजारात गेले. प्रत्येक पेटीत 5 डझन आंबे होते. टेम्पोचे भाडे म्हणून त्यांनी 3000 रुपये दिले. रस्त्यातील खड्ड्यांमुळे एकूण आंब्यांपैकी एक दशांश आंबे वाटेतच नासले. पण विष्णूकाका खचले नाहीत. उरलेल्यांपैकी दोन तृतीयांश आंबे त्यांनी 600 रुपये डझन या भावाने विकले. दुपारी ऊन वाढले व गिऱ्हाईक रोडावले, तेव्हा राहिलेले सर्व आंबे त्यांनी डझनामागे दीडशे रुपये कमी भावाने विकून टाकले. परतताना लाडक्या नातीसाठी 250 रुपयांचा सुंदर फ्रॉक घेतला. तर टेम्पोचे भाडे वजा जाता आंब्यांच्या विक्रीतून विष्णूकाकांना किती रक्कम मिळाली?’

एकशे एकोणीस शब्द. पहिला आकडा भेटायला छत्तीस शब्दांची वारी करावी लागते. देवकृपा आणि खत एकाच वाक्यात, म्हणजे पीक कुणामुळे आलं यावर लेखकाचं स्वतःशीच एकमत नाही. आणि विष्णूकाका खचले नाहीत ही माहिती बेरजेत घ्यायची की वजाबाकीत? लेखक महाशयांचं म्हणणं असं, की यानं गणित ‘जीवनाभिमुख’ होतं. कुणाचं जीवन? टेम्पोच्या भाड्यावर घासाघीस न करता पैसे मोजणारा बागायतदार मी तरी पाहिलेला नाही.

बरं, नटवण्याला माझा विरोध नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ रचली, तीत भुंग्यांचं उदाहरण आहे. थव्यातला पाचवा भाग एका फुलावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांच्या फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या फुलावर, एक हवेत घुटमळत राहिला, थवा केवढा? पंधरा. तिथं कदंब आहे, कुटज आहे, एका सुंदरीला लाडिक हाकही आहे, पण सगळं एका श्लोकात. शृंगार असा बसवलाय की त्याचा धक्का एकाही आकड्याला लागत नाही. आमच्या मार्गदर्शककारांना पानभर गद्य लागतं आणि त्यात ना शृंगार, ना सोय.

असो. पाल्हाळिकाची टर उडवणं सोपं आहे. खरी गंमत दुसऱ्या पक्षाची.

संपादकांच्या हाताखाली एक तरुण सहसंपादक होता. हुशार, चटपटीत, हातात लाल पेन. मी चष्मा पुसेपर्यंत त्यानं कागद पुढं सरकवला. ‘‘बाई, तेवीस शब्द!’’

‘100 डझन आंब्यांपैकी एक दशांश नासले. दोन तृतीयांश 600 रुपये डझनाने व बाकीचे 450 रुपये डझनाने विकले. भाडे 3000 रुपये. हातात किती उरले?’

काय देखणं दिसतंय! मुंज झालेल्या बटूसारखं गुळगुळीत. मी म्हटलं, ‘‘सोडव.’’ त्यानं सोडवलं. 47500 रुपये. मग मी मूळ उदाहरण सोडवून दाखवलं. 20 पेट्या, प्रत्येकी 5 डझन, म्हणजे 100 डझन. 10 डझन नासले, उरले 90. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे 60 डझन, 600 रुपयांनी 36000. राहिलेले 30 डझन 450 रुपयांनी, 13500. एकूण 49500, भाडं वजा, 46500 रुपये.

हजार रुपयांचा फरक! ते कुठून आले? आंबे तेवढेच, भाव तेच. झालं असं, की ‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द त्याला भरताड वाटला आणि त्यानं तो उडवला. आता दोन तृतीयांश कशाचे? वाचणारा 100 डझनांचे घेणार. 1200 आंब्यांतले 800 महाग भावानं गेले, 120 नासके, 280 स्वस्तात. हिशेब कुठंही अडत नाही. निम्मा आंबा, पाव आंबा असं काही निघत नाही, म्हणून शंकाही येत नाही. हीच तर यातली लबाडी. चूक दात विचकून समोर येत नाही, इस्त्री करून येते. ‘उरलेल्यांपैकी’ या एका शब्दाची बाजारातली किंमत हजार रुपये आहे, हापूसपेक्षा महाग, आणि आमच्या चिरंजीवांनी तो फुकटात फेकून दिला.

‘‘बरं, तो शब्द घालतो परत,’’ तो म्हणाला. ‘‘आता उत्तर जुळतंय ना? मग झालं.’’

झालं? इथं माझा पारा चढला. उत्तर जुळणं ही या धंद्यातली सर्वांत भाबडी कसोटी आहे. त्याचे 100 डझन बघा. 20 गुणिले 5 त्यानंच करून टाकले. 600 वजा 150 हेही त्यानंच केलं. उत्तर तेच येणार, पण पोरानं करायच्या दोन पायऱ्या संपादकसाहेब करून मोकळे झाले. याला संक्षेप म्हणत नाहीत, याला कॉपी पुरवणं म्हणतात. मूळ उदाहरणात आठ राशी आहेत. पेट्या, पेटीतले डझन, भाडं, नासक्यांचा भाग, विकलेल्यांचा भाग, भाव, भावातली घट आणि फ्रॉक. त्याच्या कागदावर त्यांतल्या चारच शिल्लक होत्या. उद्या परीक्षकाला 20 ऐवजी 40 पेट्या करायच्या झाल्या तर आकडा घालायचा कुठं? पेट्याच नाहीत!

आणि फ्रॉक? ‘‘तो तर उत्तरात येतच नाही, बाई.’’ अगदी बरोबर. म्हणूनच तो तिथं आहे. कुठली रक्कम हिशेबात घ्यायची आणि कुठली सोडायची, हे मुलानं ठरवायचं असतं. तू 250 रुपये उडवलेस म्हणजे तो निर्णय त्याच्या वतीनं घेऊन टाकलास. दिलेली राशी निरुपयोगी आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार कापणाऱ्याला नाही. ‘लाडक्या’ आणि ‘सुंदर’ ही विशेषणं काढ, हवं तर नातीलाही काढ, बिचारी रुसेल. पण अडीचशे रुपये जागेवर राहिले पाहिजेत.

फ्रॉकचा सूड तर पुढंच आहे. मूळ प्रश्न काय? भाडं वजा जाता विक्रीतून किती रक्कम मिळाली. याचा प्रश्न काय? हातात किती उरले. माझ्यासारख्या कुणीतरी फ्रॉक परत आणला आणि प्रश्न मात्र याचाच राहिला, तर उत्तर 46250 होतं. ‘मिळाली’चं ‘उरले’ केलं की अडीचशे रुपये पाय फुटल्यासारखे चालू लागतात. प्रश्नाचं वाक्य म्हणून कापायचंच नसतं. फार तर त्यातला ‘तर’ उडवावा.

लाल पेनवाल्यांची एक खोड सांगते. ते आधी आकड्यांना गोल करतात आणि गोलाबाहेरचं ते सगळं कचरा मानतात. या उदाहरणात अंकांत लिहिलेल्या राशी पाचच आहेत. एक दशांश, दोन तृतीयांश आणि दीडशे अक्षरांत दडून बसलेत. मराठीत तर ही दडी मारणारी जमात केवढी! पाऊण, सव्वा, दीडपट, निम्मे, जोडी, एक दिवसाआड. यांच्यातल्या एकाच्याही कपाळावर आकडा नसतो.

मी काय करते? कापण्याआधी आठही राशी कागदाच्या कडेला उतरवते आणि प्रत्येकीला एकच खडूस प्रश्न विचारते, कशाचा? एक दशांश कशाचा? एकूण आंब्यांचा. दोन तृतीयांश कशाचे? उरलेल्यांचे. दीडशे कशामागे, कशाहून कमी? डझनामागे, आधीच्या भावाहून. या प्रश्नाचं उत्तर देणारे शब्द राशीच्या अंगाचे, ते राशीबरोबर राहतात. बाकीचे सगळे पाहुणे. मग कापते. कापून झालं की उलटी मोजणी, नव्या मजकुरातून आठ जणांची हजेरी. शेवटी मूळ उदाहरण न पाहिलेल्या कुणाला तरी सोडवायला देते, कारण मला मूळ पाठ झालेलं असतं आणि कागदावर नसलेलं ‘उरलेल्यांपैकी’सुद्धा मी मनातल्या मनात वाचून टाकते.

निघालं ते असं:

‘विष्णूकाकांनी प्रत्येकी 5 डझन आंब्यांच्या 20 पेट्या बाजारात नेल्या. टेम्पोचे भाडे 3000 रुपये झाले. वाटेत एक दशांश आंबे नासले. उरलेल्यांपैकी दोन तृतीयांश आंबे 600 रुपये डझनाने विकले आणि राहिलेले सर्व डझनामागे दीडशे रुपये कमी भावाने विकले. परतताना 250 रुपयांचा फ्रॉक घेतला. टेम्पोचे भाडे वजा जाता आंब्यांच्या विक्रीतून विष्णूकाकांना किती रक्कम मिळाली?’

एक्कावन्न शब्द. ‘हापूस’ काढताना हात थरथरला, पण रायवळ असता तरी गणिताला फरक पडत नव्हता. ‘एकूण आंब्यांपैकी’ मात्र मी काढलं, कारण तोवर काहीच विकलेलं नाही, काहीच नासलेलं नाही, ‘कशाचा?’ला दुसरं उत्तरच संभवत नाही. हाच न्याय ‘उरलेल्यांपैकी’ला का लावत नाही? कारण तिथं दोन उत्तरं संभवतात. ‘दीडशे’चं 150 केलं नाही, कारण दीडशे म्हणजे किती हे समजणं हाही परीक्षेचाच भाग.

सहसंपादक म्हणाला, ‘‘एक्कावन्न? माझे तेवीस होते.’’ संपादक म्हणाले, ‘‘निम्म्याहून कमी झाले, चालेल.’’ म्हणजे एकानं शब्द मोजले आणि दुसऱ्यानंही शब्दच मोजले. राशी मोजायला खोलीत मी एकटीच.

नवी आवृत्ती आली आहे. विष्णूकाका पृष्ठ 34 वर आहेत. तुमच्या घरच्या पोरानं 47500 उत्तर काढलं, तर त्याच्या पाठीत धपाटा घालण्याआधी पुस्तकात ‘उरलेल्यांपैकी’ छापलंय का, तेवढं बघा.