‘सात दिवस रिप्लेसमेंट’ म्हणजे पैसे परत नाहीत! ऑनलाइन खरेदीआधी वाचायची ती छोटी ओळ

सेलमध्ये मिक्सर स्वस्तात मिळाला. ३ तारखेला बॉक्स घरी आला. दिवाळीच्या गडबडीत तो तसाच कपाटावर राहिला. १२ तारखेला उघडला, तर मोटर फिरेना. ॲपवर गेल्यावर परत करण्याचं बटणच गायब आणि त्या जागी ‘मुदत १० तारखेला संपली’ अशी ओळ.

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी असा अनुभव अनेकांना येतो. यात घोळ कुठे होतो, हे समजून घेऊया.

मुदत मोजायची कधीपासून?

मुदत साधारणपणे डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते. बॉक्स कधी उघडला किंवा वस्तू पहिल्यांदा कधी वापरली, याचा त्यात विचार होत नाही. सणासाठी किंवा लग्नात भेट द्यायला आधीच मागवून ठेवलेल्या वस्तू इथेच अडकतात. वरच्या उदाहरणात मिक्सर ३ तारखेलाच दोन मिनिटं फिरवून पाहिला असता, तर तो बदलून घेण्यासाठी पूर्ण आठवडा हातात होता.

रिटर्न आणि रिप्लेसमेंट यात फरक काय?

‘रिटर्न’ म्हणजे वस्तू परत आणि पैसे परत. ‘फक्त रिप्लेसमेंट’ म्हणजे वस्तू खराब, तुटलेली किंवा चुकीची आली, तर तीच वस्तू पुन्हा मिळणार. रंग आवडला नाही, आवाज जास्त वाटला किंवा दुसरीकडे स्वस्त दिसली, ही कारणं इथे चालत नाहीत. मोबाइल, टीव्ही, फ्रिज अशा वस्तूंवर ही अट बऱ्याचदा असते. काही वेळा कंपनीचा तंत्रज्ञ घरी येऊन दोष तपासतो आणि त्याच्या अहवालानंतरच बदली मंजूर होते. म्हणून तक्रार शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

मुदत संपली तरी वॉरंटी असते, पण ती वेगळी गोष्ट आहे. वॉरंटीत बहुतेक वेळा वस्तू दुरुस्त करून मिळते, नवी नाही. म्हणजे १२ तारखेला त्या मिक्सरसाठी सर्व्हिस सेंटर हाच सरळ मार्ग उरतो.

‘नॉन-रिटर्नेबल’ असेल तर काहीच करता येत नाही?

अंतर्वस्त्रं, सौंदर्यप्रसाधनं, खाण्याचे पदार्थ अशा वस्तूंवर स्वच्छतेच्या किंवा नाशवंत असण्याच्या कारणाने हा शिक्का असतो. मन बदललं म्हणून त्या परत करता येत नाहीत. ऑनलाइन घेतलेली वस्तू केवळ नको वाटली म्हणून परत करण्याचा सरसकट कायदेशीर हक्क भारतात नाही. ती सवलत विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते.

खराब वस्तूचं मात्र तसं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा अपरिहार्य कारणाशिवाय कबूल केलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. त्यामुळे ‘नॉन-रिटर्नेबल’ लिपस्टिक फुटलेली आली, तर ‘आमची पॉलिसीच नाही’ हे उत्तर पुरेसं ठरत नाही. अडचण येते ती पुराव्याची. जितका उशीर, तितकं ‘आली तेव्हाच खराब होती’ हे दाखवणं कठीण. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कामी येतो तो इथेच.

मग विकत घेताना नेमकं काय बघायचं?

किमतीच्या खाली किंवा ‘खरेदी करा’ बटणाजवळ एक छोटी खूण असते. तिच्यावर टॅप केलं की पूर्ण अटी उघडतात. तिथे तीन गोष्टी पाहा: किती दिवस, पैसे परत की फक्त बदली आणि कोणत्या कारणांसाठी. एकाच वस्तूचे दोन विक्रेते असतील तर त्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. शंभर रुपये वाचवायला विक्रेता बदलला आणि रिटर्नची सोय गेली, असंही होतं. ऑर्डर करण्याआधी त्या अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी असेल, तर वस्तू नीट पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका. तो दिला की वस्तू ठीक मिळाल्याचं तुम्ही मान्य केलं, असं धरलं जातं.

तक्रार कुठे करायची?

आधी ॲपवरच लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. याच नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात ती सोडवणं बंधनकारक आहे. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तिथेही प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. तेव्हा बिल, स्क्रीनशॉट, व्हिडिओ आणि तक्रार क्रमांक यांच्याच आधारावर तुमची बाजू मांडली जाईल.