प्रॅक्टिकल आधी की पेपर आधी?

परीक्षा जवळ आली की बी.एस्सी.च्या मुलामुलींच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "अम्मी, आधी प्रॅक्टिकल उरकते, मग पेपरांना हात लावते." बऱ्याचदा प्रॅक्टिकल लेखी परीक्षेच्या आधी असते आणि मधे जेमतेम आठवडा मिळतो. तेवढ्यात चार विषय होत नाहीत. म्हणून दोन्ही अभ्यास सोबत चालवावे लागतात. ते कसे जमवायचे, ते रसायनशास्त्राच्या एका प्रयोगावरून पाहू.

प्रयोग आहे पाण्याचा कठीणपणा मोजण्याचा. 50 मिलिलिटर पाणी पिपेटने घ्यायचे, त्यात अमोनियाचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा सूचक घालायचा आणि ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए सोडायचे. द्राक्षरसासारखा लाल रंग जाऊन निळा झाला की थांबायचे. या अभ्यासाचे तीन भाग पडतात आणि तिघांची जागा वेगळी आहे.

पहिला भाग हाताचा आणि डोळ्याचा. लाल रंग एकदम निळा होत नाही; मधे जांभळट छटा येते. तिथे थेंब-थेंब सोडून, फ्लास्क हलवून, काही सेकंद थांबावे लागते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही. समजा, खरे वाचन 9.2 मिलिलिटर आहे. या मापात 1 मिलिलिटर ईडीटीए म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून 50 मिलिलिटरमध्ये 9.2 मिलिग्रॅम आणि लिटरमागे 184 मिलिग्रॅम. घाईत 9.7 पर्यंत गेले तर उत्तर 194 येते. अर्ध्या मिलिलिटरने दहाचा फरक पडतो. ओळीने तीन वाचने 0.1 मिलिलिटरच्या आत जुळली, तर हात तयार आहे असे समजावे. जुळत नसतील तर तो प्रयोग पुन्हा करायच्या यादीत टाकावा.

दुसरा भाग लिखाणाचा : निरीक्षणाचा तक्ता आणि आकडेमोड. यासाठी लॅब लागत नाही. कोऱ्या कागदावर तक्ता आखावा, जर्नलमधली वाचने भरावीत आणि उत्तर काढावे. सारे दहा-बारा मिनिटांत झाले पाहिजे. नाही झाले, तर परीक्षेत वेळ इथेच जाईल.

तिसरा भाग तोंडी परीक्षेचा. परीक्षक विचारतील, बफर कशाला? पीएच 10 च्या आसपास ठेवायला. पीएच कमी असेल तर ईडीटीएला चिकटलेले हायड्रोजन सुटत नाहीत आणि धातूशी पकड सैल राहते. फार वाढले तर मॅग्नेशियमचा साका बसतो. हेच उत्तर लेखी पेपरातल्या संकुल संयुगांच्या प्रश्नातही कामाला येते. म्हणजे तोंडी परीक्षेचा वेगळा अभ्यास करायचाच नाही. पेपराचा तो धडा ज्या दिवशी वाचाल, त्याच दिवशी त्या प्रयोगाचे पाच प्रश्न लिहून काढा.

आता वेळापत्रक. समजा, घाटकोपरची एक मुलगी अंधेरीच्या कॉलेजात जाते आणि प्रॅक्टिकलला 21 दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात ती जर्नल पूर्ण करून सही घेते, कारण प्रमाणित जर्नलशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही. याच आठवड्यात ती सरांना किंवा मॅडमना विचारून, लॅब उघडी असताना, ज्यांची वाचने जुळत नाहीत असे दोन-तीन प्रयोग पुन्हा करते. परीक्षेच्या मांडणीसाठी लॅब बंद झाली की ही संधी जाते. पुस्तक मात्र केव्हाही उघडता येते. म्हणून लॅबचे काम आधी.

दुसऱ्या आठवड्यात फज्रनंतरचे दोन तास लेखी धड्याला, आणि त्याच धड्याशी जोडलेल्या प्रयोगाचे लिखाण संध्याकाळी पाऊण तास. मेट्रोत कोणी पाठांतर करू नये, पण पाच प्रश्नांची चिठ्ठी तेवढ्या प्रवासात सहज फिरून येते. तिसऱ्या आठवड्यात सकाळ पेपरांचीच राहते. संध्याकाळी चिठ्ठी उचलून जो प्रयोग येईल, त्याची कृती, तक्ता आणि आकडेमोड घड्याळ लावून लिहायची. प्रॅक्टिकल संपेल तेव्हा निम्मे धडे एकदा वाचून झालेले असतील आणि मधला आठवडा उजळणीला मिळेल.

हे वेळापत्रक एका ठिकाणी अपुरे पडते. वर्षभर लॅबला दांडी मारली असेल, तर तीन आठवड्यांत हात तयार होत नाही. म्हणून अम्मी-अब्बांनी "किती पाने झाली?" एवढेच विचारू नये. पहिल्याच आठवड्यात विचारावे : "जर्नलवर सही झाली का? आणि वाचने जुळतात का?"