भाव वाढवा, पण सांगून वाढवा

पुण्यात घरगुती डबे पुरवणाऱ्या व्यवसायात खर्च वाढला की एक सल्ला हमखास मिळतो: भाव वाढवू नका, डबा कमी करा. चारऐवजी तीन पोळ्या द्या, भाजीची वाटी थोडी लहान करा, आमटी जरा पातळ ठेवा. गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाही. मला हा सल्ला धंद्याच्या दृष्टीनेही चुकीचा वाटतो आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. बिस्किटाच्या पुड्यावर निदान निव्वळ वजन छापावं लागतं, त्यामुळे पुडा लहान झाला तर ताडून पाहता येतं. डब्यातल्या पोळीवर वजन छापलेलं नसतं. तिथे गिऱ्हाइकाला पुरवठादाराच्या शब्दाचाच आधार असतो, आणि जो वर्षानुवर्षं महिन्याचे पैसे आगाऊ देतो त्याने तर तो आधार पूर्ण मानलेला असतो. अशा माणसाला नवा भाव, त्याची कारणं आणि तो लागू होण्याची तारीख किमान एक महिना आधी कळलीच पाहिजे.

आधी हिशोब पाहू. समजा, एका स्वयंपाकघरातून ६० मासिक गिऱ्हाइकांना दुपारचा डबा जातो. महिन्याचे २६ डबे, डब्याला १०० रुपये, म्हणजे महिन्याला २,६०० रुपये. दोन वर्षांपूर्वी हा भाव ठरला तेव्हा डब्यामागे ७८ रुपये खर्च होता. आता तो ८८ झाला आहे. वाढलेल्या दहा रुपयांत किराणा, तेल आणि भाजीचे साडेचार, गॅसचा एक, पोळ्या करणाऱ्या मावशींच्या पगाराचे अडीच आणि डबा पोचवणाऱ्या मुलाचे दोन. चौथी पोळी काढून यातले फार तर तीन-चार रुपये वाचतील. उरलेले भरून काढायला वाटीही लहान करावी लागेल आणि तेलही हलकं आणावं लागेल. म्हणजे लपवायचं ठरवलं की एक गोष्ट लपवून भागत नाही. गिऱ्हाईक पोळ्या मोजत नसेल, पण चार वाजता भूक लागली की त्याला कळतं. ‘डबा पूर्वीसारखा राहिला नाही’ एवढंच तो मित्राला सांगतो आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरत नाही. भाव पटला नाही म्हणून बोलणाऱ्याशी बोलता येतं. न बोलता गेलेल्याशी बोलण्याची संधीच मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कारणं सांगितली की घासाघीस सुरू होते. मालक आपण, भाव आपला, ज्याला परवडेल तो घेईल. लोक भाववाढीकडे कसे पाहतात याचा चांगला पुरावा १९८६ साली डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्यांनी कॅनडातल्या लोकांना फोनवरून काही प्रसंग सांगून मत विचारलं होतं. टंचाईमुळे दुकानदाराला सॅलडच्या पाल्याचा गड्डा ३० सेंट महाग मिळाला आणि त्यानेही भाव नेमका तेवढाच वाढवला, हे ७९ टक्के लोकांना मान्य होतं. मात्र गोदामात काही महिन्यांचा जुना माल असताना घाऊक भाव वाढल्याचं ऐकून ज्याने लगेच किंमत वाढवली, त्याला तितक्याच, म्हणजे ७९ टक्के लोकांनी अन्यायी ठरवलं. लोक भाववाढीवर नाराज नसतात. तिच्यामागे खरा खर्च नसेल तर नाराज होतात. आपल्याकडेही उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवणाऱ्याने दिवाळीला ‘गहू महागला’ म्हणणं असंच आहे. कारण खरं आणि ताडून पाहता येईल असं असलं, तर घासाघिशीला फारशी जागा उरत नाही. घासाघीस होते ती ‘महागाई फार वाढली आहे’ या मोघम वाक्यावर, कारण ते वाक्य पाच रुपयांनाही लागू पडतं आणि पन्नासलाही.

इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. प्रत्येक खरं कारण भाववाढीचं कारण म्हणून टिकत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. ज्याने फक्त ‘तेल महागलं’ म्हणून भाव वाढवला, त्याला शुल्क कमी झाल्यावर ‘मग भाव कमी करणार का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं भाग आहे, आणि तो प्रश्न रास्तच आहे. टोमॅटो, कांदा, तेल वरखाली होत राहतात. पगार आणि भाडं एकदा वाढलं की सहसा खाली येत नाही. म्हणून कारण सांगताना या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. चार आठवड्यांच्या टोमॅटोसाठी कायमची भाववाढ करू नये. त्या काळात कोशिंबीर बदलावी आणि तसं सांगावं.

सर्वांत वजनदार आक्षेप मुदतीविषयी आहे. वरच्या हिशोबात भाव ११० रुपये झाला, तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे महिन्याला २६० रुपये जास्त येतात. एक महिना थांबायचं म्हणजे ६० गिऱ्हाइकांचे १५,६०० रुपये सोडायचे. ही रक्कम लहान नाही. पण नव्या भावात एका गिऱ्हाइकामागे महिन्याला ५७२ रुपये उरतात. अचानक वाढीने दुखावून तीनच गिऱ्हाइकं गेली आणि त्यांची जागा दहा महिने रिकामी राहिली, तर नुकसान १७,१६० रुपयांचं. खरं तर ते याहून जास्त, कारण तीन डबे कमी झाले म्हणून मावशींचा पगार कमी होत नाही. शिवाय हे १५,६०० रुपये जड वाटतात ते दोन वर्षं हिशोब न केल्यामुळे. दर तिमाहीला खर्च मांडला, तर वाढ वेळेवर दिसते आणि लहान राहते.

यावर कोणी म्हणेल, मुदत देऊनही लोक जातातच. नेटफ्लिक्सने जुलै २०११ मध्ये जाहीर केलं, की डीव्हीडी आणि स्ट्रीमिंगची एकत्र योजना घेणाऱ्या जुन्या अमेरिकन गिऱ्हाइकांना १ सप्टेंबरपासून सुमारे ६० टक्के जास्त द्यावे लागतील. मुदत दीड महिन्याहून अधिक होती, तरी त्या तिमाहीत आठ लाख ग्राहक गेले. उदाहरण खरं आहे. पण तिथे उडी एकदम मोठी होती आणि कारणं धड सांगितली गेली नव्हती. खुलासा द्यायला हवा होता, हे कंपनीच्या प्रमुखांनी सप्टेंबरमध्ये जाहीरपणे कबूल केलं. एकटी मुदत पुरत नाही, तिला कारणाची जोड लागते, एवढंच त्यातून दिसतं. दुधाचा दाखला देणारेही असतात: ‘अमूल’ने १ मे २०२५ पासूनची लिटरमागे दोन रुपयांची वाढ आदल्या दिवशीच सांगितली. पण दुधाची पिशवी रोज विकत घेतली जाते, उद्या दुसरी घेता येते. डब्याचं तसं नाही. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला घरून ठरावीक रक्कम येते, एकट्या राहणाऱ्या आजोबांना दुसरी सोय शोधायला वेळ लागतो.

जाहीर करायचा मजकूर पाच वाक्यांत मावतो. “१ जुलैपासून दुपारच्या डब्याचा मासिक दर २,६०० ऐवजी २,८६० रुपये होईल. दोन वर्षांत डब्यामागे सुमारे दहा रुपये खर्च वाढला. त्यातले साडेचार पगार आणि पोचवणीचे, बाकीचे किराणा, भाजी आणि गॅसचे आहेत. चार पोळ्या आणि वाटीचं माप आहे तेच राहील, आणि ज्यांनी पुढचे पैसे आधीच भरले आहेत त्यांना ते संपेपर्यंत जुनाच दर लागेल. पुढचं वर्षभर हा दर वाढणार नाही.” हे १ जूनला प्रत्येकाला वेगळं कळवावं, दारावर चिठ्ठी लावून मोकळं होऊ नये. आणि शेवटचं वाक्य पाळता येणार नसेल, तर ते लिहू नये.